लाइट जाऊन आली की कन्सोल ऑनलाइन जात नाही: राउटरवर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही चालू असताना काय तपासावं

ही तक्रार मी कोल्हापुरात गेल्या काही पावसाळ्यांत इतक्या घरांत सोडवली आहे की आता फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली की पुढचं ओळखता येतं. तुमच्याकडे तीच अडचण आहे का, हे आधी ठरवू. लक्षणं साधारण अशी असतात:

- कन्सोल वाय-फायला किंवा केबलला जोडलेला दिसतो, पण साइन-इन करताना नुसतं गोल फिरत राहतं आणि बऱ्याच वेळाने जोडता आलं नाही असा निरोप येतो.
- त्याच वेळी घरातले मोबाइल आणि टीव्ही व्यवस्थित चालतात.
- कधी साइन-इन होतं, मित्रांची यादीही दिसते, पण मॅच लागत नाही. किंवा पार्टीत एकाचा आवाज येतो आणि दुसऱ्याचा येत नाही.
- हे सगळं लाइट जाऊन आल्यावर किंवा इंटरनेट कंपनीचा डबा, म्हणजे राउटर, बंद-चालू केल्यावर सुरू होतं. मग कधीतरी आपोआप नीट होतं आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच.

मोबाइलही चालत नसेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तेव्हा लाइनच बंद आहे. त्याबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

## मोबाइल चालतो, मग कन्सोल का अडतो

आज बऱ्याच फायबर जोडण्यांवर घरातल्या प्रत्येक उपकरणाला दोन प्रकारचे पत्ते मिळतात. जुना प्रकार आयपीव्ही४, म्हणजे `192.168.1.20` असा दिसणारा. नवा आयपीव्ही६, म्हणजे कोलन टाकून लिहिलेला लांबलचक. पुढे मी यांना व्हीफोर आणि व्हीसिक्स म्हणेन, कारण आमच्यात तसंच बोलतात.

दोन्ही वाटा असतील तर बहुतेक उपकरणं आधी व्हीसिक्सची वाट धरतात. ती वाट बिघडलेली असली तरी मोबाइलच्या ब्राउझरला फारसा फरक पडत नाही. तो व्हीसिक्सने हाक मारतो, पाव सेकंदात उत्तर आलं नाही तर लगेच व्हीफोरनेही मारतो आणि जिथून आधी उत्तर येईल ती वाट धरतो. आपल्याला काही बिघडलं होतं याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक गेम किंवा कन्सोलमधली प्रत्येक सेवा एवढी चलाख नसते. काही जण व्हीसिक्सवर पूर्ण वेळ वाट बघत बसतात आणि मग हात वर करतात. म्हणून ‘मोबाइल चालतोय म्हणजे नेट चांगलं आहे’ हे या बिघाडात खरं ठरत नाही, आणि कन्सोल बिघडलाय असं समजून लोक तो दुरुस्तीला नेतात.

## पहिली तपासणी: कन्सोल खरोखर बंद करा

खर्च काही नाही आणि वेळ दोन मिनिटं. पण बंद म्हणजे पूर्ण बंद. रिमोटवरून किंवा कंट्रोलरवरून ‘बंद’ केलेला कन्सोल पुष्कळदा फक्त झोपलेला असतो. अपडेट उतरवता यावेत म्हणून त्याचं नेट चालूच राहतं आणि जुना पत्ताही तसाच राहतो. एक्सबॉक्सवर पुढच्या बाजूचं पॉवर बटण साधारण दहा सेकंद दाबून धरा. प्लेस्टेशन ५ वर मेन्यूतून `Turn Off PS5` निवडा, `Enter Rest Mode` नको. मग प्लग काढा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा लावा.

एवढ्याने चालू झाला तर काम संपलं असं समजू नका. याचा अर्थ कन्सोलने कुठली तरी शिळी माहिती धरून ठेवली होती आणि ती आत्ता पुसली गेली. तारीख आणि वेळ लिहून ठेवा. पुढच्या वेळी बिघडेल तेव्हा मधल्या काळात लाइट गेली होती का, हे आठवून बघा. गेली असेल तर कारण जवळजवळ नक्की पुढच्या तपासणीत सापडेल.

## दुसरी तपासणी: कन्सोलचा पत्ता आणि मोबाइलचा पत्ता शेजारी ठेवा

ही तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ही कोणीच करत नाही. कन्सोल बिघडलेल्या अवस्थेत असतानाच ती करा, बंद-चालू करायच्या आधी.

एक्सबॉक्सवर `Settings > General > Network settings > Advanced settings` इथे जा आणि व्हीसिक्सचा पत्ता कागदावर उतरवून घ्या. ज्या कन्सोलच्या पडद्यावर तो दिसत नाही, त्याचा पत्ता राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत मिळू शकतो. मग त्याच वाय-फायवर असलेल्या मोबाइलच्या नेटवर्क माहितीतून त्याचा पत्ता घ्या. मोबाइल डेटा मात्र आधी बंद करा, नाहीतर सिम कंपनीचा पत्ता बघून भलताच निष्कर्ष निघेल.

`fe80` ने सुरू होणारा पत्ता सोडून द्या. तो फक्त घरातल्या घरात चालतो. २ किंवा ३ ने सुरू होणारा पत्ता हवा. त्यात कोलनने वेगळे केलेले आठ गट असतात. पहिले चार गट तुमच्या घराचे, शेवटचे चार त्या उपकरणाचे. त्यामुळे एकाच घरातल्या कन्सोलचे आणि मोबाइलचे पहिले चार गट तंतोतंत सारखे असायला हवेत. मध्ये दोन कोलन लागोपाठ दिसले तर तिथे शून्याचे गट गाळलेले आहेत, ते मोजताना धरा.

ते चार गट जुळले नाहीत तर चोर सापडला. काय झालं ते असं समजा. रात्रीत तुमचं बिऱ्हाड राजारामपुरीच्या सहाव्या गल्लीतून अकराव्या गल्लीत हललं. मोबाइलला नवा पत्ता कळला. कन्सोल मात्र पाठवणाऱ्याच्या जागी अजून ‘सहावी गल्ली’ लिहून पत्रं टाकतोय. पत्र पोचलंच तरी उत्तर सहाव्या गल्लीत जाणार, आणि पुष्कळदा तर कंपनीच असं चुकीच्या पत्त्याचं पत्र पुढे जाऊ देत नाही.

## शिवाजी पेठेतलं एक घर

हे नीट कळावं म्हणून एक घर सविस्तर सांगतो. शिवाजी पेठेत जुनं दुमजली घर. खाली दिवाणखान्यात फायबर येतं आणि कंपनीचा डबा भिंतीवर लावलेला आहे. तिथून एक लॅन केबल जिन्यावरून वर नेली आहे. वर पाच पोर्टचा छोटा स्विच, त्याला कन्सोल आणि धाकट्याचा कॉम्प्युटर. पोरगं बारावीचं, आपल्या पेठेच्या फुटबॉलचं वेड आणि रात्री नऊ ते दहा पुण्याच्या मावसभावाबरोबर ऑनलाइन फुटबॉलची मॅच. आठवड्यातून दोनदा तरी ती मॅच व्हायची नाही.

‘‘दादा, मोबाइलवर सगळं चालतंय, ह्योच तेवढा अडतोय,’’ असं त्याने सांगितलं. त्याच्या वडिलांनी तोवर केबल बदलली होती, दुसरी महागडी केबल आणली होती आणि कन्सोल एकदा दुकानात दाखवून आणला होता. दुकानात तो लगेच चालला. चालणारच, कारण तिथे गेल्यावर त्याला नवा पत्ता मिळाला.

घर बघताना एक गोष्ट लक्षात आली. वरच्या मजल्यावरचे प्लग इन्व्हर्टरवर होते आणि खालच्या दिवाणखान्यातला प्लग नव्हता. लाइट गेली की खालचा डबा मरायचा, पण वरचा स्विच आणि कन्सोल जिवंत राहायचे.

मी म्हटलं, लाइट जायची वाट कशाला बघायची, आपणच काढू. वरच्या स्विचला माझा लॅपटॉप जोडला, पत्ता बघितला आणि काकांना खालच्या डब्याचा प्लग काढून पुन्हा लावायला सांगितलं. डब्याला पूर्ण उठायला तीन-चार मिनिटं लागली. त्यानंतर लॅपटॉपवर हे चालवलं:

```
ipconfig
```

यादीत आता व्हीसिक्सचे दुप्पट पत्ते होते. विंडोज प्रत्येक घरपत्त्यासाठी एक कायमचा आणि एक `Temporary` असे दोन पत्ते करतं, त्यामुळे ओळी पुष्कळ दिसतात. आपण फक्त पहिले चार गट बघायचे. इथे खरे पत्ते देत नाही, उदाहरणासाठी राखून ठेवलेले आकडे वापरतो. जुने पत्ते `2001:db8:41:7a00` ने सुरू होणारे, नवे `2001:db8:52:1c00` ने. म्हणजे लाइन पुन्हा जोडली गेल्यावर कंपनीने घराला नवा पत्ता दिला होता आणि लॅपटॉपने जुनाही सोडला नव्हता. मग एकेका पत्त्यावरून हाक मारून बघितली:

```
ping -6 -S 2001:db8:41:7a00::25 google.com
ping -6 -S 2001:db8:52:1c00::25 google.com
```

पहिल्याला चारही वेळा `Request timed out.` आणि दुसऱ्याला चारही वेळा उत्तर. त्याच क्षणी कन्सोलवर साइन-इन करून बघितलं, तोही अडकला. कन्सोल पूर्ण बंद करून चालू केला आणि तो एका दमात आत गेला.

आता मोबाइल का चालत होता तेही कळतं. वाय-फाय खालच्याच डब्यातून येतं. डबा मेला की मोबाइलचं वाय-फाय तुटतं, परत जोडताना तो सगळं नव्याने विचारून घेतो. वरच्या कन्सोलच्या केबलचं दुसरं टोक स्विचमध्ये होतं आणि स्विच तर चालूच होता. कन्सोलच्या दृष्टीने काही तुटलंच नाही, मग तो नव्याने विचारेल कशाला?

यात चूक कोणाची म्हणायची? राउटरने पत्ता देताना त्याची मुदतही सांगायची असते. जुन्या ठरावीक मुदती फार लांब आहेत: पत्ता ७ दिवस पसंतीचा आणि ३० दिवस वैध. लाइट अचानक गेली की डब्याला ‘जुना पत्ता रद्द’ असं सांगायला सवड मिळत नाही, आणि उठल्यावर आधी कुठला पत्ता दिला होता हे त्याच्या स्मरणात नसतं. म्हणून उपकरणाकडे दोन पत्ते राहतात आणि त्यातला कोणता उचलायचा हे ते उपकरण ठरवतं. कधी नवा उचलला जातो, कधी जुना. ‘कधी चालतं, कधी नाही’ याचं मूळ इथे आहे. हा दोष इतका सर्वत्र आढळला की २०२१ साली इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफने त्यावर दोन स्वतंत्र कागद काढले, `RFC 8978` आणि `RFC 9096`. दुसऱ्यात घरगुती राउटरने या मुदती ४५ मिनिटं आणि ९० मिनिटं यांच्या वर जाऊ देऊ नयेत आणि बंद पडण्याआधी दिलेला पत्ता लक्षात ठेवून उठल्यावर तो रद्द करावा, असं सांगितलं आहे. पण घरोघरी बसलेले डबे जुनेच आहेत.

स्विचच्या जागी वरच्या मजल्यावर दुसरा वाय-फाय राउटर किंवा रिपीटर असेल तरी नेमकं हेच होतं. तो जिवंत राहिला की त्याला जोडलेला कन्सोल बेसावध राहतो.

## तिसरी तपासणी: लाइनवरचं व्हीसिक्स मुळात चालतं का

पत्ते जुळत असूनही कन्सोल अडत असेल तर हे बघा. मोबाइल डेटा बंद, वाय-फाय चालू, आणि ब्राउझरमध्ये `test-ipv6.com` उघडा. दोन्ही प्रकारांत पास झालं तर लाइन ठीक आहे. व्हीसिक्सचा पत्ता दिसतो पण चाचणी नापास होते किंवा फार वेळ घेते, तर राउटर घरात पत्ते वाटतोय आणि पुढे रस्ताच नाही. अशा वेळी घरात काहीही बदलून फायदा नाही, कंपनीला फोन करावा लागेल. व्हीसिक्सचा पत्ताच नाही असं आलं तर तुमच्याकडे व्हीसिक्स चालू नाही आणि कन्सोलचं दुखणं वेगळं आहे.

## चौथी तपासणी: दहा मिनिटांसाठी व्हीसिक्स बंद करून बघा

बहुतेक कन्सोलवर व्हीसिक्स बंद करायची सोय नसते, म्हणून हे राउटरवर करावं लागतं. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर `LAN` खाली `IPv6` असा भाग असतो. आहे त्या सेटिंगचे फोटो आधी काढून ठेवा, मग बंद करा, कन्सोल पूर्ण बंद-चालू करा आणि साइन-इन करा. आत गेला तर दोष व्हीसिक्सच्या बाजूला आहे हे पक्कं झालं. नाही गेला तर व्हीसिक्सला दोष देणं थांबवा.

आता माझी कळकळीची विनंती आहे: तपासून झालं की ते परत चालू करा. कोल्हापुरात अनेक घरांत ‘व्हीसिक्स बंद केलं, काम झालं’ असं करून माणूस निघून जातो आणि आठ दिवसांनी त्याच घरातून नवी तक्रार येते की पार्टीत आवाज येत नाही, मॅच लागायला युग जातं.

कारण हे आहे. व्हीफोरचे पत्ते जगात कमी पडले, म्हणून बऱ्याच कंपन्या एकच बाहेरचा व्हीफोर पत्ता अनेक घरांत वाटून देतात. तुमच्याकडे तसं आहे का हे राउटरच्या `WAN` पानावर दिसतं. तिथला व्हीफोर पत्ता `100.64` पासून `100.127` पर्यंतच्या आकड्यांनी किंवा `10.` ने सुरू होत असेल तर तुम्ही वाटणीतल्या पत्त्यावर आहात. अशा पत्त्यावर बाहेरून कोणी थेट तुमच्या कन्सोलपर्यंत येऊ शकत नाही. राउटरवर पोर्ट उघडून काही होत नाही, कारण अडवणारी भिंत कंपनीकडे आहे. त्या घरासाठी मित्राच्या कन्सोलशी थेट बोलायची चांगली वाट व्हीसिक्सचीच असते.

एक्सबॉक्सच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. तो दुसऱ्या खेळाडूशी बोलायला मुळात व्हीसिक्सच वापरतो. घरी व्हीसिक्स नसेल तर `Teredo` नावाच्या युक्तीने व्हीफोरच्या आत व्हीसिक्स गुंडाळून पाठवतो, आणि वाटणीतल्या पत्त्यावर ती युक्ती पुष्कळदा फसते. `Test NAT type` केल्यावर तिथे `Teredo` चं नाव घेऊन तक्रार दिसली तर समजा की तुमच्या घरी खरं व्हीसिक्स कन्सोलपर्यंत पोचत नाहीये.

तुमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक व्हीफोर पत्ता असेल आणि पुढचे उपाय करायला राउटर दाद देत नसेल, तर मात्र व्हीसिक्स बंद ठेवायला माझी हरकत नाही.

## पाचवी पायरी: कायमचा उपाय

शिळ्या पत्त्याच्या दुखण्यावर सगळ्यात स्वस्त उपाय विजेच्या प्लगमध्ये आहे. कंपनीचा डबा, स्विच आणि मधला कुठलाही राउटर एकाच बाजूला आणा: सगळे इन्व्हर्टरवर किंवा एकही नाही. सगळे एकदम मेले आणि एकदम उठले तर कन्सोलला केबल तुटल्याचं कळतं आणि तो नव्याने पत्ता घेतो. सगळे जिवंत राहिले तर पत्ता सहसा बदलत नाही. शिवाजी पेठेतल्या त्या घरी आम्ही खालच्या डब्याला एक छोटा डीसी यूपीएस लावला, हजार-दोन हजारांत मिळतो तो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण अंदाजाने घेऊ नका. तेवढ्याने ती तक्रार थांबली.

डीसी यूपीएस का, घरातला मोठा इन्व्हर्टर का नाही, असं काका विचारत होते. घरगुती इन्व्हर्टर लाइटवरून बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला आणि दिव्याला तो जाणवत नाही, पण काही डबे तेवढ्यात पुन्हा सुरू होतात आणि स्विच मात्र तग धरतो. म्हणजे आपण जे टाळायला गेलो तेच होतं. इन्व्हर्टरवर `UPS` असं बटण असेल तर ते निवडल्यावर हा खंड कमी होतो. तरी एकदा इन्व्हर्टरचा मुख्य पुरवठा बंद करून, डब्यावरचे दिवे पुन्हा पहिल्यापासून लागतात का हे स्वतः बघा.

दुसरा उपाय राउटरमध्ये. `LAN` च्या `IPv6` भागात `RA` किंवा `RADVD` नावाचं पान असेल तर तिथे `Preferred Lifetime` आणि `Valid Lifetime` असे दोन आकडे सेकंदांत असतात. `604800` आणि `2592000` दिसले तर तेच वर सांगितलेले ७ आणि ३० दिवस. त्यांच्या जागी हे लिहा:

```
Preferred Lifetime: 2700
Valid Lifetime: 5400
```

म्हणजे ४५ आणि ९० मिनिटं. पत्ता बदललाच तर कन्सोल फार तर पाऊण तासात जुना पत्ता बाजूला ठेवेल. चालू पत्त्याला याने धक्का लागत नाही, राउटर मुदत अधूनमधून वाढवत राहतो. ज्या डब्यांवर हे आकडे बदलायची सोय नाही, तिथे फर्मवेअर अपडेट आहे का ते बघा. तेही नसेल तर विजेच्या उपायावर भर द्या.

घरात कंपनीचा डबा आणि त्यामागे स्वतःचा राउटर असे दोन असतील तर दुसऱ्याला `Access Point` मोडमध्ये टाका. दोघेही राउटर म्हणून वागले तर व्हीफोरचा पत्ता दोनदा बदलला जातो आणि व्हीसिक्स पुष्कळदा पहिल्याच्या पुढे जात नाही. हे केल्यावर दुसऱ्या राउटरच्या पानाचा पत्ता बदलू शकतो, तेवढं लक्षात ठेवा.

साइन-इन नीट होतं, पत्ते जुळतात, चाचणी पास होते आणि तरी फक्त पार्टीतला आवाज किंवा थेट मॅच अडते, असं असेल तर राउटरच्या व्हीसिक्स फायरवॉलकडे बघा. काही डब्यांवर सुरक्षा ‘हाय’ ठेवली की आतून मागवलेलं नसेल असं सगळं अडवलं जातं. एक्सबॉक्सला दुसऱ्या खेळाडूकडून आयपीसेक नावाच्या सुरक्षित पद्धतीने येणारी वाहतूक आत येऊ द्यावी लागते. पातळी एक पायरी खाली आणून बघा. फायरवॉल पूर्ण बंद करू नका. व्हीसिक्समध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला बाहेरून दिसणारा पत्ता असतो, त्यामुळे तुमचा जुना सीसीटीव्ही कॅमेराही उघडा पडेल. आणि `ICMPv6` अडवायचं बटण असेल तर ते कधीच दाबू नका. व्हीफोरमध्ये ते चालून जायचं, पण व्हीसिक्समध्ये मोठं पाकीट बसत नसल्याचा निरोप त्यातूनच येतो. ते अडवलं की साइन-इन होतं आणि डाउनलोड मात्र शून्यावर थिजतं.

## इथे थांबा आणि माणूस बोलवा

`test-ipv6.com` वर व्हीसिक्स नापास होत असेल तर घरात आणखी वेळ घालवू नका. कंपनीला फोन करून ‘गेम चालत नाही’ असं सांगू नका, त्यावर डबा बंद-चालू करा एवढंच उत्तर मिळतं. असं सांगा: लॅनवर व्हीसिक्सचा पत्ता मिळतो पण बाहेर पिंग जात नाही. पत्ता बदलण्याचा त्रास असेल तर असं: लाइन परत जोडली की दर वेळी प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा पहिला भाग, बदलतो, तो स्थिर ठेवता येईल का. तक्रार क्रमांक घ्या आणि दोन्ही पिंगचे फोटो तयार ठेवा. पहिला माणूस समजला नाही तर नेटवर्क विभागाकडे पाठवायला सांगा.

राउटरच्या `WAN` पानावर `VLAN`, `PPPoE` किंवा व्हीसिक्सची जोडणी या ओळींना हात लावू नका. एक आकडा चुकला की घराचं पूर्ण नेट जातं आणि तो परत भरायला कंपनीचा माणूसच लागतो. मागचं छोटं रीसेटचं छिद्र टाचणीने दाबणं हेही त्यातलंच. दाबलं की सगळी माहिती पुसली जाते.

डब्यावर `LOS` चा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर तुटलं आहे किंवा कुठे तरी दुमडलं आहे. ते टोक काढून पुसू नका आणि त्यात डोळा लावून तर मुळीच बघू नका, आत डोळ्याला न दिसणारा लेझर असतो. पावसाळ्यात खांबावरच्या जोडात पाणी गेलेलं असतं, ते काम लाइनमनचं.

आणि कन्सोल दुसऱ्या कोणाच्या घरी, वेगळ्या लाइनवर, पूर्ण बंद-चालू करूनही जोडला गेला नाही, तरच तो सर्व्हिस सेंटरला न्या. तिथे तो चालला तर त्याला तसाच घरी आणा आणि दुसऱ्या तपासणीतले चार गट पुन्हा एकदा कागदावर उतरवा.